हे स्वतःला काय म्हणवतात?

भाषांतराच्या कामाला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. धर्म आणि राजकारण या विषयावरचा एक लेखसंग्रह मराठीत यायचा होता आणि त्यातली तीन प्रकरणं माझ्या वाट्याला आली होती. त्यांतलं एक विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट चळवळीवर होतं. त्यातल्या एका बॅप्टिस्ट पाळकाबद्दलचं वाक्य मी असं उतरवलं होतं: ‘या धर्मांध पाळकाने आधुनिकतावाद्यांवर टीकेची झोड उठवली.’ लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होते. वाक्य मराठी वळणाचं झालं होतं, ‘झोड’ होती, भाषांतराचा वास कुठे येत नव्हता.

संपादक बाईंनी हस्तलिखित परत पाठवलं तेव्हा ‘धर्मांध’भोवती शिसपेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि समासात एवढंच लिहिलं होतं: ‘हे स्वतःला काय म्हणवतात?’

मी फोन केला. बाई म्हणाल्या, “मूळ शब्द काय आहे गं?”

“फंडामेंटलिस्ट.”

“मग त्यातला आंधळा तू कुठून आणलास?”

मी म्हटलं, मराठीत असंच लिहितात. बाई म्हणाल्या, “लिहितात ना, रोज लिहितात. पण त्या पाळकाला कोणी विचारलं असतं, बाबा तू कोण, तर तो मान ताठ करून फंडामेंटलिस्ट म्हणाला असता. ‘मी धर्मांध’ असं म्हणाला असता का? तू त्याची ओळख करून देत नाहीयेस, निकाल देतेयस. आणि तोही वाचकाला खटला न ऐकवता.”

मला तेव्हा बाईंचा रागच आला होता. त्या पाळकाची मतं मला अजिबात पटणारी नव्हती आणि त्याला सभ्य शब्द देणं म्हणजे त्याची बाजू घेणं, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. पण वर्तुळ पडलं होतं, त्यामुळे शब्द बदलणं भाग होतं आणि बदलायचा तर तो आला कुठून ते पाहणं भाग होतं.

गोष्ट अशी निघाली. 1910 ते 1915 या काळात ‘द फंडामेंटल्स’ नावाने बारा पुस्तिका निघाल्या. लायमन आणि मिल्टन स्ट्यूअर्ट हे दोघे भाऊ तेलाच्या धंद्यात पैसा कमावलेले. त्यांनी खर्च उचलला. पुस्तिका पाळकांना, मिशनऱ्यांना, धर्मशिक्षण देणाऱ्या मंडळींना फुकट पाठवल्या गेल्या. बायबलची आधुनिक चिकित्सा आणि उत्क्रांतिवाद यांच्या रेट्यात ख्रिस्ती श्रद्धेचा पाया ढासळू नये म्हणून, कुमारी मातेपोटी जन्म, पुनरुत्थान, बायबलची निर्दोषता अशा पायाभूत गोष्टींचं मंडन करणारे ते लेख होते. पुढे 1920 मध्ये कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट साप्ताहिकाच्या संपादकाने या मूळ तत्त्वांना धरून राहणाऱ्या आणि त्यांच्यासाठी झुंजायला तयार असणाऱ्या लोकांना ‘फंडामेंटलिस्ट’ म्हणावं असं सुचवलं. स्वतः लॉज त्याच लोकांतले. म्हणजे हे नाव कोणी कोणावर चिकटवलेलं नव्हतं. त्यांनीच ते बिल्ल्यासारखं छातीवर लावून घेतलेलं होतं.

मग पाचच वर्षांत ते नासलं. 1925 च्या जुलैत टेनेसी राज्यातल्या डेटन या गावी एका शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला चालला. शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला, पण शहरातल्या वार्ताहरांनी डेटनहून जे लिहून पाठवलं त्याने दंड झाला तो बिल्ल्याला. अडाणी, खेडवळ, बावळट असे सगळे अर्थ त्या एका शब्दात जाऊन बसले. 1940 च्या दशकात त्याच परंपरेतल्या बऱ्याच लोकांनी स्वतःला ‘इव्हँजेलिकल’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. श्रद्धा फारशी बदललेली नव्हती. जुनं नाव लावून चारचौघांत उभं राहणं जड झालं होतं.

आणि 1979 मध्ये इराणमध्ये क्रांती झाली तेव्हा पाश्चात्त्य वृत्तपत्रांना जे दिसत होतं त्याला हाताशी नाव नव्हतं. हा नासलेला शब्द घरात पडून होताच. तो उचलून आयातुल्लांना लावला गेला. तिथून तो शीख, ज्यू, हिंदू, बौद्ध असा फिरत राहिला. मराठीत तो आला तो या फेरीत. ‘मूलतत्त्ववाद’ हा शब्द घडवणाऱ्याने अक्षरशः अचूक काम केलेलं आहे. लॉजच्या मंडळींना तो मापात बसतो. पण आपल्याकडे तो पोचला तेव्हा त्यातली मूळ तत्त्वं गळून गेली होती आणि शिवी तेवढी उरली होती. म्हणून तर माझ्या हाताने त्याचं ‘धर्मांध’ इतक्या सहज करून टाकलं.

अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेत या शब्दाबद्दल एक साधा नियम आहे: एखादा गट स्वतःच हा शब्द स्वतःला लावत असेल तरच वापरा, एरवी सहसा नको. बाईंनी समासात लिहिलं होतं ते हेच. त्यांनी ती संहिता वाचली होती की नाही, मी कधी विचारलं नाही.

बराच काळ मला वाटायचं, हा सगळा सभ्यतेचा प्रश्न आहे. कोणाला लागेल असं बोलू नये, इतकंच. ते चूक होतं, हे कळलं एका दुसऱ्याच कामात. इस्रायलमधल्या निवडणुकांवरचा एक लेख तपासत होते. लेखकाने ‘कट्टरपंथी ज्यू’ हा शब्द चौदा वेळा वापरला होता. वाचता वाचता माझा गोंधळ व्हायला लागला. एका परिच्छेदात हे कट्टरपंथी ज्यू सैन्यात जायला नकार देत रस्त्यावर उतरले होते आणि पुढच्या परिच्छेदात कट्टरपंथी ज्यूच सैन्याच्या लढाऊ तुकड्यांत हिरिरीने भरती होत होते. लेखक खोटं लिहीत नव्हता. दोन्ही खरं होतं. फक्त ती माणसं वेगळी होती.

पहिले ते हरेदी. हिब्रूतल्या या शब्दाचा अर्थ थरथरणारे, म्हणजे देवाच्या वचनापुढे थरथरणारे. तो बायबलमधल्या यशायाच्या ग्रंथातून आलेला आहे. त्यांच्यातल्या अनेक पंथांचा झायोनिझमला, म्हणजे ज्यूंचं राज्य उभारण्याच्या चळवळीला, जुना विरोध. ज्यू राज्य मसीहाने आणायचं, माणसांनी नव्हे, असं त्यामागचं तर्कशास्त्र. त्यांच्या तरुणांनी धर्मग्रंथांच्या अध्ययनात राहावं, लष्करात जाऊ नये, हा त्यांचा आग्रह. दुसरे ते ‘दाती लेउमी’, सरळ अर्थ धार्मिक-राष्ट्रीय. यांच्या दृष्टीने इस्रायलचं राज्य हाच मुक्तीच्या वाटेवरचा टप्पा आहे. 1974 मध्ये स्थापन झालेली ‘गुश एमुनिम’ ही वेस्ट बँकमध्ये वसाहती उभारणारी चळवळ या दुसऱ्या प्रवाहातली. राज्य या एका मुद्द्यावर हे दोन प्रवाह जवळपास पाठीला पाठ लावून उभे आहेत. ‘कट्टरपंथी’ या शब्दाने त्यांना एका पोत्यात कोंबलं होतं आणि वाचकाला वाटणार होतं, हे लोक सोमवारी एक बोलतात आणि मंगळवारी दुसरं.

मी लेखकाला चौदाही जागी दोहोंपैकी कोण ते लिहायला सांगितलं. नऊ जागी त्याला लगेच सांगता आलं. पाच जागी नाही. म्हणाला, “मलाच माहीत नाही. ज्या बातमीवरून घेतलं तिच्यात तसंच होतं.”

ती पाच वाक्यं आम्ही काढून टाकली.

इंग्रजीत हरेदींना ‘अल्ट्रा-ऑर्थोडॉक्स’ म्हणतात आणि मराठीत त्याचं ‘अतिसनातनी’ होतं. त्या ‘अति’कडे जरा पाहा. अति म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त. हवं ते किती, हे कोणी ठरवलं? ते माप लिहिणाऱ्याच्या खिशात आहे आणि तो ते बाहेर काढून दाखवत नाही. हरेदी लिहिलं आणि पहिल्या उल्लेखाला एक ओळ खर्चून ते कोण हे सांगितलं, की माप काढायची वेळच येत नाही. ओळ खर्च होते, हे खरं. भारित शब्दाचं आकर्षण तिथेच आहे: तो ओळ वाचवतो.

इराणचंही तसंच. तिथल्या राजकारणात एक गट स्वतःला ‘उसूलगरा’ म्हणवतो. हिंदी सिनेमा पाहणाऱ्याला उसूल समजावून सांगावा लागत नाही. तत्त्वनिष्ठ असा अर्थ झाला. फंडामेंटलिस्ट या अर्थी फारसीत ‘बुनियादगरा’ असा वेगळा शब्द आहे. पण मराठी बातमीत दोघांचंही ‘मूलतत्त्ववादी’ होतं. त्याहून गंमत म्हणजे शिया धर्मशास्त्रात ‘उसूली’ नावाचा एक जुना संप्रदाय आहे आणि त्याचं म्हणणं असं, की धर्मवचनं आहेत तशी लावून भागत नाही, विद्वानाने बुद्धी वापरून निर्णय काढला पाहिजे. त्याच्या विरोधातले अखबारी वचनांवरच भर देणारे. म्हणजे शब्दाच्या मुळावरून गेलं, तर ‘मूलतत्त्ववादी’ ठरतात ते बुद्धी वापरा म्हणणारे.

मराठी शब्दांचे स्वतःचेही कल असतात, ते वेगळेच. ‘कट्टर’ घ्या. बातमीत ‘कट्टर’ म्हटलं की भुवया वर जातात. तोच शब्द लोक अभिमानाने गाडीच्या काचेवर चिकटवतात. कट्टर अमक्याचा समर्थक, कट्टर तमक्या संघाचा चाहता. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस हा शब्द कौतुक म्हणून वाचणार आणि त्याचा विरोधक आरोप म्हणून, आणि लिहिणाऱ्याला वाटणार आपण माहिती दिली. ‘कर्मठ’चं तर भाषा ओलांडली की पारडंच फिरतं. हिंदीत कर्मठ कार्यकर्ता म्हणजे कष्टाळू, झोकून देऊन काम करणारा. मराठीत कर्मठ म्हणजे सोवळ्याओवळ्यात अडकलेला. हिंदी पत्रकावरून मराठी बातमी करताना हा एक शब्द जसाच्या तसा उचलला गेला आणि सत्काराच्या बातमीत सत्कारमूर्तीची शोभा झाली, असं मी स्वतः पाहिलं आहे.

‘जातीय दंगल’ हाही असाच. दोन धर्मांच्या लोकांमधल्या दंगलीला मराठी वृत्तपत्रं वर्षानुवर्षं जातीय म्हणत आली. माझ्या पिढीला त्यात काही खटकत नाही. माझ्या भाचीने एकदा विचारलं, “मावशी, यात कोणत्या जाती होत्या?” मी उत्तर देता देता थांबले. हा शब्द कोणाला बोचत नाही, फक्त चुकीची माहिती देतो. धार्मिक दंगल म्हणावं, किंवा त्याहून बरं म्हणजे कोणी कोणावर हल्ला केला ते लिहावं. ‘दंगल’ म्हटलं की दोन्ही बाजूंनी हाणामारी झाली असं गृहीत धरलं जातं आणि दर वेळी तसं नसतं.

आणि ‘जहाल’. हा शब्द आज आपण बिनधास्त वापरतो, पण त्याच्या जन्माच्या वेळी ज्यांच्यावर तो पडला त्यांचं काय म्हणणं होतं, ते मराठी वाचकाने विसरू नये असं मला वाटतं. 1906 च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन झालं. ते संपल्यावर 2 जानेवारी 1907 ला टिळकांनी तिथेच एक भाषण केलं आणि सुरुवातच या दोन नावांपासून केली. त्यांचा मुद्दा असा, की मवाळ आणि जहाल हे शब्द काळाशी बांधलेले आहेत, काळाबरोबर ते सरकतील. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल ठरत होते. टिळक स्वतःच्या पक्षाला नवा पक्ष म्हणत. ‘अतिरेकी’ किंवा ‘एक्स्ट्रिमिस्ट’ या शब्दाची अडचण त्यांनी तिथे नेमकी धरली आहे. तो शब्द माणसाचं मत सांगत नाही, मधल्या रेषेपासूनचं अंतर सांगतो. आणि रेषा दुसऱ्याच कोणीतरी आखलेली असते.

आता एक परिच्छेद जवळून पाहू. एका तरुण लेखकाने मला मजकूर दिला होता. गाव, संघटना आणि तिचा धर्म मी मुद्दाम सांगत नाही. वाचताना तुमच्या मनाने तिथे एखादा धर्म भरला, तर कोणता भरला तेवढं पाहून ठेवा.

‘मूलतत्त्ववादी संघटनेच्या धर्मांध टोळक्याने काल रात्री नाट्यगृहात धुडगूस घालून प्रयोग बंद पाडला. भावना दुखावल्याचा कांगावा करत त्यांनी कलाकारांना धमकावले.’

मी त्याला म्हटलं, यातले निकाल एका बाजूला काढ आणि घडलेल्या गोष्टी दुसऱ्या बाजूला. मूलतत्त्ववादी, धर्मांध, टोळकं, धुडगूस, कांगावा: पाच निकाल. घडलेलं काय, तर प्रयोग बंद पडला आणि धमकावलं. किती लोक होते? माहीत नाही. आत कसे आले? माहीत नाही. त्यांना नेमकं काय नको होतं? “सर्वांना माहीतच आहे ना, मॅडम.” धमकी म्हणजे शब्द कोणते? माहीत नाही.

तो जरा घुश्शातच उठला. पण पोरगा कामाचा होता, दोन दिवस फोन करत बसला आणि परत आला. लोक वीस-पंचवीस होते. सगळ्यांनी रीतसर तिकिटं काढलेली होती. दुसरा अंक सुरू झाल्यावर दहाएक मिनिटांनी ते उभे राहिले आणि घोषणा सुरू झाल्या. एकजण रंगमंचावर चढला, त्याने एका नटाची कॉलर धरली आणि म्हणाला, पुढचा प्रयोग लावलात तर हे नाट्यगृह राहणार नाही. पोलीस अर्ध्या तासाने आले. संघटनेची मागणी एक विशिष्ट प्रवेश वगळण्याची होती. त्यात एका धर्मपुरुषाच्या तोंडी विनोदी संवाद आहेत. त्यांच्या पदाधिकाऱ्याने हे सगळं फोनवर सांगितलं आणि कॉलर धरणारा आमचाच, हेही नाकारलं नाही.

मग मजकूर असा झाला: ‘अमुक संघटनेच्या वीस-पंचवीस कार्यकर्त्यांनी काल रात्री नाटकाचा प्रयोग बंद पाडला. तिकिटे काढून आत आलेल्या या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या अंकात घोषणा द्यायला सुरुवात केली. त्यांतील एकाने रंगमंचावर चढून नटाची कॉलर धरली आणि पुढचा प्रयोग लावल्यास नाट्यगृह राहणार नाही, अशी धमकी दिली. नाटकातील एका प्रवेशाने धर्मपुरुषाचा अवमान होतो, असे संघटनेचे म्हणणे आहे.’

वाचून लेखक म्हणाला, “हे तर आधीपेक्षा वाईट दिसतंय त्यांच्यासाठी.”

दिसणारच. तिकिटं काढून आले, म्हणजे आधी ठरवून आले. ‘धुडगूस’ या शब्दाने ते झाकलं होतं. धुडगूस उत्स्फूर्त असतो. ‘धर्मांध’ या शब्दाने एका माणसाचा हात दुसऱ्याच्या कॉलरवर होता हे झाकलं होतं. पाचही शब्द खरं तर रिकाम्या जागा होत्या. जिथे माहिती नव्हती तिथे चीड भरून ठेवली होती. हे आता माझ्या सवयीचं झालं आहे: मजकुरात असा शब्द सापडला की मी पहिल्यांदा त्याच्या खाली काय विचारायचं राहून गेलंय ते पाहते. दहापैकी सात-आठ वेळा काहीतरी राहिलेलं असतंच.

‘धमकी’ मात्र आम्ही ठेवली. तो शब्दही जड आहे, पण नाट्यगृह राहणार नाही, हे वाक्य धमकीच आहे आणि ते वाचकासमोर ठेवलेलं आहे. हे सांगायचं कारण असं, की त्याच लेखकाने पुढच्या महिन्यात दुसऱ्या टोकाला जाऊन लिहिलं: ‘काही व्यक्तींनी नाराजी व्यक्त केल्याने कार्यक्रम होऊ शकला नाही.’ हे वाचून मी कपाळाला हात लावला. कोण व्यक्ती, नाराजी कशी व्यक्त केली, कार्यक्रम आपोआपच नाही झाला की काय? हे वाक्य तटस्थ नाही. ते दगड मारणाऱ्याच्या बाजूचं आहे.

मराठीत हे फार बारीक जागी घडतं. 6 डिसेंबर 1992 ला अयोध्येत जे झालं त्याबद्दल लिहिताना ‘बाबरी मशीद पडली’ आणि ‘बाबरी मशीद पाडली’ या दोन वाक्यांत एका कान्याचा फरक आहे. पहिल्यात वास्तू जुनी होती, पडली. दुसऱ्यात कोणाचे तरी हात आहेत. ‘पाडली गेली’ म्हटलं की हात परत धुक्यात जातात. ‘कारसेवकांच्या जमावाने पाडली’ म्हटलं की वाक्य पुरं होतं. मी जाणकार माणसांच्या लेखनातही ‘पडली’ पाहिलेलं आहे आणि तो हेतू नसून केवळ बोलण्यातली सवय होती, हेही मला माहीत आहे. पण वाचकाला लेखकाचा हेतू छापून मिळत नाही, कानाच मिळतो.

आणि त्या वास्तूला म्हणायचं काय? ‘वादग्रस्त वास्तू’ हा शब्द तटस्थ म्हणून आला आणि मग त्यालाच रंग चढला. एका बाजूला तो मशीद हा शब्द पुसणारा वाटायला लागला. 1993 मध्ये तिथली जमीन ताब्यात घेण्यासाठी संसदेने जो कायदा केला त्यात वास्तूचा उल्लेख, ‘सर्वसाधारणपणे रामजन्मभूमी-बाबरी मशीद या नावाने ओळखली जाणारी’ असा केलेला आहे. जोडनाव लावून कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी आपली सुटका करून घेतली. दर वाक्यात एवढं लांब नाव कोणी लिहू शकत नाही. मी असं करते: उभ्या असलेल्या आणि पाडलेल्या इमारतीला बाबरी मशीद, आणि जागेविषयीच्या श्रद्धेबद्दल लिहायचं तेव्हा, हिंदू ज्या जागेला रामजन्मभूमी मानतात ती जागा. यावर दोन्हीकडून पत्रं येतात. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या निकालात जागा मंदिरासाठी दिली आणि त्याच निकालात मशीद पाडणं हा कायद्याच्या राज्याचा गंभीर भंग होता असंही म्हटलं. दोहोंपैकी एकच वाक्य उचलणारा लेखक एकही भारित शब्द न वापरता वाचकाला फसवू शकतो.

बाईंच्या समासातल्या प्रश्नालाही मर्यादा आहेत, हे मला पुढे कळत गेलं. ‘हे स्वतःला काय म्हणवतात’ याचं उत्तर नेहमी वापरता येत नाही. नायजेरियातल्या ज्या संघटनेला जग ‘बोको हराम’ म्हणतं, ते नाव लोकांनी दिलेलं आहे. पाश्चात्त्य शिक्षण निषिद्ध, असा त्याचा ढोबळ अर्थ. संघटनेचं स्वतःचं अरबी नाव एवढं लांबलचक आहे, की ते लिहिलं तर वाचकाला कोणाबद्दल चाललंय तेच कळणार नाही. ‘इस्लामिक स्टेट’ची अडचण उलटी: नावातच दावा आहे, की हे इस्लामचं राज्य आहे, आणि बहुसंख्य मुसलमान तो फेटाळतात. म्हणून फ्रेंच सरकारने 2014 मध्ये त्यांना अरबी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘दाएश’ म्हणायचं ठरवलं, जे त्या संघटनेला अपमानास्पद वाटतं. वृत्तसंस्थांनी मधला मार्ग काढला, ‘इस्लामिक स्टेट गट’. एक ‘गट’ हा शब्द जोडला की राज्याचा दावा नावापुरता उरतो. हा मला आवडलेला उपाय आहे, कारण त्यात शिवी नाही आणि मान्यताही नाही.

जवळची उदाहरणं अधिक नाजूक. हिंदुत्व हा शब्द समर्थकांनीच उचललेला आणि विरोधकही वापरतात, तेव्हा ‘हिंदुत्ववादी’ लिहायला अडचण नाही. ‘हिंदू मूलतत्त्ववादी’ मात्र मी काढते, कारण एक ग्रंथ आणि त्याची निर्दोषता हा जो मूळ शब्दाचा गाभा, तो तिथे सापडत नाही. राष्ट्र कोणाचं, हा तिथला प्रश्न आहे. मग त्याच चळवळीतले लोक म्हणतात, आम्हाला नुसतं ‘राष्ट्रवादी’ म्हणा. हे मी करत नाही. ‘राष्ट्रवादी’ आधीचं विशेषण गाळलं की बाकीचे सगळे आपोआप राष्ट्राबाहेर जातात. धर्माच्या पायावर राष्ट्राची कल्पना मांडणाऱ्याला धार्मिक राष्ट्रवादी म्हणणं ही निंदा नव्हे, ते त्याच्या मताचं वर्णन आहे. म्यानमारमधल्या बौद्ध भिक्खूंच्या चळवळींना लावते तीच पट्टी इथे. नाव बदलून वाक्य वाचून पाहायचं. दुसऱ्या धर्माचं नाव घातल्यावर मला ते खटकलं, तर पहिल्या वेळी का खटकलं नाही ते शोधायचं.

स्वतःच्या नावासाठी माणसं किती झगडतात याची एक गोष्ट मला राहून राहून आठवते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारच्या कागदपत्रांत ‘वहाबी’ हा शब्द बंडखोर या अर्थी रुळला होता. अंबाला, पाटणा इथे वहाबी म्हणून खटले चालले, जन्मठेपा झाल्या. अरबस्तानातल्या मुहम्मद इब्न अब्दुल वहाबच्या अनुयायांवरही ते नाव विरोधकांनीच टाकलेलं. ते स्वतःला एकेश्वरवादी या अर्थी मुवाहिदून म्हणवत. इथे हिंदुस्थानात अहले हदीस पंथाचे लोक या नावाखाली संशयित झाले. तेव्हा त्यांच्यातले मौलवी मुहम्मद हुसेन बटालवी यांनी सरकारकडे रीतसर अर्ज केला, की आमच्यासाठी हा शब्द सरकारी पत्रव्यवहारात वापरू नये. 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने ते मान्य केलं. एका शब्दासाठी अर्ज, सह्या, उत्तराची वाट. त्या कागदावर ज्यांच्या सह्या असतील, त्यांच्यासाठी तो शब्द म्हणजे दारात पोलीस येणार की नाही हा प्रश्न होता.

बाई आता नाहीत. मागच्या वर्षी त्या लेखसंग्रहाची नवी आवृत्ती निघायची ठरली आणि मुद्रितं माझ्याकडे आली. पाळकाचं वाक्य बघितलं. ‘फंडामेंटलिस्ट म्हणवून घेणाऱ्या या पाळकाने’ असं आहे, ‘झोड’ शाबूत आहे. पुढच्या प्रकरणात मात्र एका संघटनेबद्दल ‘तिचे माथेफिरू सदस्य’ असं छापलेलं दिसलं. माझंच भाषांतर. बाईंच्याही नजरेतून सुटलेलं, किंवा त्या संघटनेबद्दल त्यांचं मत माझ्यासारखंच असावं. मी वर्तुळ केलं, समासात नेहमीचा प्रश्न लिहिला आणि मूळ शब्द काय होता ते पाहायला इंग्रजी पुस्तक काढलं.

तिथे विशेषणच नव्हतं. नुसतं ‘सदस्य’ होतं.